प्रत्येक चौकटीला स्वतःची वेळ: सोसायटीच्या पावसाळी डॅशबोर्डवर माहिती किती ताजी हे कसं दाखवायचं

मुंबईतल्या एखाद्या सखल भागातल्या सोसायटीने ऑफिसात टीव्ही लावून पावसाळ्यापुरता डॅशबोर्ड करायचं ठरवलं, तर त्यावर काय काय हवं याची यादी कमिटीच्या एका मीटिंगमध्ये तयार होते. भूमिगत टाकीत पाणी किती, जवळच्या केंद्रावर पाऊस किती पडतोय, हवामान खात्याचा पुढच्या काही तासांचा इशारा काय, भरती किती वाजता आणि किती मीटरची, आणि पाणीकपातीचा अंदाज यावा म्हणून तलावांची पातळी. पाच चौकटी आणि वर कोपऱ्यात एक ओळ: ‘शेवटचं अपडेट: दुपारी २:४५’.

घोटाळा त्या कोपऱ्यातल्या ओळीत आहे. टाकीतला सेन्सर मिनिटामिनिटाला आकडा पाठवतो. पावसाचा आकडा पंधरा मिनिटांनी बदलतो. हवामान खात्याचा तातडीचा इशारा साधारण तीन तासांपुरता असतो. तलावांची पातळी महापालिका दिवसातून एकदा, सकाळी ६ची, जाहीर करते. भरतीचा तक्ता तर वर्षभराचा आधीच छापलेला असतो. या पाचांना मिळून ‘२:४५’ ही एकच वेळ कुठल्याही अर्थाने खरी नसते. ती वेळ फक्त पेज कधी ताजं झालं ते सांगते. बघणारा मात्र समजतो की पावसाचा आकडा २:४५चा आहे.

हा लेख पहिल्यांदाच असा डॅशबोर्ड करणाऱ्यांसाठी आहे. डेटाबेसमध्ये एखादं टेबल बनवता येत असेल आणि वेब पेजवर थोडी जावास्क्रिप्ट लिहिता येत असेल तर एवढं पुरे.

पायरी १: प्रत्येक स्रोताच्या दोन वेळा वेगळ्या ठेवा

कुठल्याही आकड्यामागे किमान दोन वेळा असतात. तो आकडा प्रत्यक्ष मोजला कधी, ही पहिली. तुमच्या प्रोग्रामने तो आणला कधी, ही दुसरी. पर्जन्यमापकाने दुपारी २:०० वाजता मोजलेला आकडा तुमच्यापर्यंत २:१२ला पोहोचू शकतो. लोकांना हवी असते ती पहिली वेळ. दुसरी वेळ तुमच्या कामाची, म्हणजे बिघाड शोधताना. नवखे लोक बहुतेक वेळा फक्त दुसरी साठवतात, कारण ती सहज मिळते, `now()` लिहिलं की झालं. पहिली मात्र समोरच्या पेजमधून किंवा फाइलमधून वेचून काढावी लागते.

ती काढण्याचा कंटाळा करू नका, कारण सगळ्यात फसवा बिघाड इथेच लपतो. समोरचा सर्व्हर चालू असतो, तुमची मागणी व्यवस्थित पूर्ण होते, आकडाही येतो, पण तो तासाभरापूर्वीचाच असतो. तिकडचा प्रोग्राम अडकला आहे आणि जुनंच पान पुन्हा पुन्हा मिळतंय. आणण्याची वेळ दर पाच मिनिटांनी पुढे सरकत राहते, म्हणून कोपऱ्यातली ओळ ताजी दिसते. मोजण्याची वेळ साठवली असेल तर ती जागच्या जागी थांबलेली लगेच दिसते.

पायरी २: दोन मुदती ठरवा

आता प्रत्येक स्रोतासाठी दोन प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरं एकमेकांत मिसळू देऊ नका.

पहिला प्रश्न स्रोताबद्दलचा आहे: पुढचा आकडा कधीपर्यंत यायलाच हवा? याचं उत्तर स्रोताच्या वेळापत्रकातून येतं, पण नुसतं वेळापत्रक पुरत नाही. मोजणं आणि आपल्या हाती पडणं यांत अंतर असतं. तलावांची पातळी सकाळी ६ची असली तरी जाहीर व्हायला वेळ लागतो. म्हणून बुधवारी सकाळी ९ वाजता पडद्यावर मंगळवारी सकाळी ६चा आकडा असणं, म्हणजे २७ तास जुना आकडा असणं, अगदी बरोबर आहे. ‘२४ तासांपेक्षा जुनं ते शिळं’ असा नियम लावलात तर रोज सकाळी काही तास तलावांची चौकट उगाच बोंब मारेल. चार दिवसांत लोक तिकडे बघायचं सोडून देतील, आणि खरंच काही बिघडेल तेव्हा कुणाचंही लक्ष नसेल.

ही सवलत किती द्यायची हे अंदाजाने ठरवू नका. आठ-दहा दिवस फक्त नोंद ठेवा: मोजण्याची वेळ अमुक, आपल्याला पहिल्यांदा दिसली ती वेळ अमुक. दोन्हींतलं अंतर काढा. सरासरीकडे बघू नका, नेहमीच्या दिवसांतला सगळ्यात मोठा उशीर बघा आणि त्यावर थोडी भर घाला. पावसाचा आकडा एरवी सात-आठ मिनिटांत येत असेल आणि कधीमधी बारा लागत असतील, तर पंधरा मिनिटांची सवलत ठीक. शक्य असेल तर यातले दोन-तीन दिवस मुसळधार पावसाचे असू द्या. त्या दिवशी सगळेच ती पेजेस उघडत असतात, त्यामुळे नेमका तेव्हाच उशीर वाढतो.

दुसरा प्रश्न बघणाऱ्याबद्दलचा आहे: आकडा किती जुना झाला की त्यावर निर्णय घ्यायचा नाही? याचा स्रोताच्या वेळापत्रकाशी संबंध नाही. हे कमिटीला आणि पंप सांभाळणाऱ्या माणसाला विचारा. त्याला थेट विचारलं तर तो नेमकं सांगतो: ‘पाऊण तासापूर्वीचा पाऊस मला काय कामाचा, तोवर रॅम्पवरून पाणी खाली आलेलं असतं.’ म्हणजे पावसासाठी ही मुदत ४५ मिनिटं. तलावांचा आकडा मात्र दोन-तीन दिवस जुना असला तरी सोसायटीच्या निर्णयात काडीचा फरक पडत नाही. टँकर आज मागवायचा की नाही हे तलावांवरून ठरत नसतं. टाकीच्या पातळीला दहा मिनिटं.

पहिली मुदत ओलांडली की आकडा ‘उशिरा’, दुसरी ओलांडली की ‘वापरू नका’. या दोन मुदती एकच धरल्या तर एक तर खूप लवकर घाबरवाल, नाही तर खूप उशिरा सांगाल.

भरतीचा तक्ता आणि हवामान खात्याचा इशारा यांना ‘किती जुना’ हा प्रश्नच लागू होत नाही. ती पुढची माहिती आहे, म्हणून तिथे ‘कधीपर्यंत लागू’ हे बघायचं. दुपारी १ वाजता दिलेला तीन तासांचा इशारा ३:५५ला जवळपास तीन तास जुना असतो, तरी लागू असतो. ४:०५ला तो संपलेला असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचा भरतीचा तक्ता आठ महिन्यांपूर्वी छापलेला असला तरी आजच्या भरतीसाठी तो ठीकच. त्याची दुसरी मुदत ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री संपते.

पायरी ३: एक छोटं टेबल

हे सगळं एका टेबलात मावतं. प्रत्येक स्रोताची एक ओळ:

```sql
create table source_status (
  source      text primary key,
  data_time   timestamptz,
  fetched_at  timestamptz,
  due_by      timestamptz,
  use_until   timestamptz
);
```

`data_time` म्हणजे मोजण्याची वेळ. `fetched_at` आणण्याची. `due_by` म्हणजे पुढचा आकडा कधीपर्यंत यायला हवा, आणि `use_until` म्हणजे हातातला आकडा कधीपर्यंत वापरायचा. शेवटच्या दोन्ही ठिकाणी ‘१५ मिनिटं’ असा कालावधी न लिहिता मी थेट घड्याळातली वेळ लिहितो, आणि त्याला कारण आहे.

समजा सहावी चौकट आहे टँकरच्या नोंदवहीची. मॅनेजर सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ला आकडा भरतो, रविवारी ऑफिस बंद. शनिवारी संध्याकाळी भरलेला आकडा सोमवारी दुपारी ४२ तास जुना असेल, तरी कुणाचंही काही चुकलेलं नसतं. ‘२४ तास अधिक सवलत’ हा नियम इथे लंगडा पडतो. आकडा साठवणारा प्रोग्रामच जर ‘पुढची नोंद सोमवारी संध्याकाळी ७पर्यंत’ असं लिहून ठेवत असेल, तर सुट्टीचं शहाणपण त्या एकाच स्रोताच्या प्रोग्राममध्ये राहतं. पडद्याला रविवार-सणवार माहीत असायची गरज उरत नाही.

आकडा आणणारा प्रोग्राम दर वेळी एवढंच करतो:

```sql
update source_status
set fetched_at = now(),
    data_time  = greatest(data_time, $1),
    due_by     = greatest(due_by, $2),
    use_until  = greatest(use_until, $3)
where source = 'rain';
```

`greatest` मुळे जुनाच आकडा पुन्हा आला तर मोजण्याची वेळ आणि दोन्ही मुदती हलत नाहीत, फक्त आणण्याची वेळ पुढे जाते. आपल्याला नेमकं हेच हवंय. प्रत्येक स्रोताची रिकामी ओळ आधी घालून ठेवा, नाहीतर हा `update` गुपचूप काहीच करणार नाही.

या पद्धतीचा एक तोटा आहे. एखाद्या सेन्सरचं घड्याळ भलतंच पुढे गेलं आणि त्याने उद्याची वेळ पाठवली, तर उद्यापर्यंत ती चौकट ताजीच दिसेल. म्हणून मोजलेल्या आकड्याची वेळ आत्ताच्या वेळेपेक्षा पाच मिनिटांहून पुढची असेल तर तो आकडा स्वीकारू नका, बाजूला नोंदवून ठेवा.

पुढची वेळ दिसण्याचं याहून नेहमीचं कारण म्हणजे टाइम झोन. पेजवर नुसतं ‘14:00’ लिहिलेलं असतं, आपली वेळ की जागतिक प्रमाणवेळ ते लिहिलेलं नसतं. तुमचा भाड्याचा सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. त्याने ते 14:00 तसंच घेतलं तर आपल्याकडे ते संध्याकाळचे ७:३० होतात. म्हणजे आकड्याचं वय उणे साडेपाच तास. उलट दिशेची चूक झाली असती तर चौकट लगेच ‘वापरू नका’ दाखवू लागली असती आणि तुम्ही दहा मिनिटांत ती पकडली असती. ही चूक मात्र गप्प बसते, स्रोत बंद पडल्यावरही पाच-साडेपाच तास सगळं हिरवंगार. म्हणून वेळ वाचतानाच तिला `+05:30` जोडा:

```python
t = datetime.strptime(s, "%Y-%m-%d %H:%M")
t = t.replace(tzinfo=ZoneInfo("Asia/Kolkata"))
```

पायरी ४: निकाल टीव्हीवरच लावा

चौकट ताजी की शिळी हे सर्व्हरवर ठरवून पाठवायचा मोह होतो. तसं करू नका. ऑफिसचं वायफाय गेलं तर सर्व्हरचा शेवटचा निकाल, म्हणजे ‘ताजं’, पडद्यावर तसाच चिकटून राहील. ‘२ मिनिटांपूर्वी’ हे शब्द सर्व्हरने लिहून पाठवले असतील तर ते संध्याकाळपर्यंत ‘२ मिनिटांपूर्वी’च राहतील. सर्व्हरने फक्त वेळा पाठवाव्यात, आणि ब्राउझरने दर अर्ध्या मिनिटाला स्वतः हिशेब करावा:

```js
function state(s, now) {
  if (!s.data_time) return 'missing';
  if (now > Date.parse(s.use_until)) return 'expired';
  if (now > Date.parse(s.due_by)) return 'late';
  return 'ok';
}
```

आता नेट गेलं तरी टाकीची चौकट दहा मिनिटांत आपोआप ‘वापरू नका’वर जाते, पावसाची तिच्या मुदतीत, आणि तलावांची दिवसभर तशीच राहते. आणि ते योग्यच आहे, कारण सकाळी ६ची पातळी नेट गेल्यामुळे खोटी ठरत नाही.

फक्त `now` कुठून घेता ते बघा. टीव्हीला जोडलेले स्वस्तातले बॉक्स वीज जाऊन आल्यावर काही वेळ भलतीच तारीख दाखवतात. सर्व्हरने प्रत्येक उत्तरासोबत स्वतःची वेळ पाठवावी. ब्राउझरने तिच्यातला आणि आपल्या घड्याळातला फरक लक्षात ठेवून हिशेबात धरावा. कोपऱ्यातली ती ‘शेवटचं अपडेट’ ओळ काढून तिथे सेकंदासह चालणारं घड्याळ लावा. पडदाच गोठला असेल तर ते घड्याळ थांबलेलं दिसतं, आणि वॉचमनलाही ते सांगावं लागत नाही.

पायरी ५: चौकटीवर काय लिहायचं

सगळ्या चौकटींवर एकाच साच्यातलं वाक्य लिहिलं की पुन्हा तीच गल्लत होते. ‘९७ मिनिटांपूर्वी’ किंवा ‘३२ तासांपूर्वी’ हे वाचून माणूस मनात उलटा हिशेब करत बसतो. स्रोताला शोभेल अशी भाषा वापरा:

- टाकी: ‘आत्ता’, आणि दोन-तीन मिनिटं गेली की ‘३ मि. पूर्वी’
- पाऊस: ‘दुपारी २:०० पर्यंतचा · २० मि. पूर्वी’
- इशारा: ‘दुपारी ४:०० पर्यंत लागू’
- तलाव: ‘आज सकाळी ६ची पातळी’
- भरती: ‘दुपारी २:५० · तक्त्यानुसार’

मिनिटांत मोजता येतं तोवरच ‘इतक्या वेळापूर्वी’ कामाचं. काही तास उलटले की घड्याळातली वेळ लिहा, आणि दिवस बदलला की ‘आज’, ‘काल’ किंवा वार. ‘तक्त्यानुसार’ हा शब्द मी मुद्दाम ठेवतो. तक्ता चंद्र-सूर्याच्या गणिताने काढलेला असतो. जोराचा वारा समुद्राचं पाणी त्याहून वर चढवू शकतो, आणि ते या तक्त्यात नसतं.

पावसाच्या बाबतीत ‘आजचा पाऊस’ हा मथळा टाळा. हवामान खात्याचा रोजचा आकडा सकाळी ८:३०ला संपणाऱ्या २४ तासांचा असतो. २६ जुलै २००५चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा २७ जुलैच्या सकाळी ८:३०ला संपलेल्या २४ तासांचा आहे, आणि त्याच २४ तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटरच्या आसपास पाऊस होता. तेव्हा कुठल्या केंद्राचा आणि कुठून कुठपर्यंतचा, हे दोन्ही मथळ्यात हवं: ‘सांताक्रूझ, काल स. ८:३० ते आज स. ८:३०’. लांबलचक होतं, पण फोनवर ‘अहो, पण आत्ता तर कोरडं आहे’ हे ऐकण्यापेक्षा बरं.

रंगांबद्दल माझं मत ठाम आहे: शिळेपणासाठी हिरवा-पिवळा-नारिंगी-लाल वापरू नका. हवामान खात्याचे इशारे याच चार रंगांत येतात आणि मुंबईकराच्या डोक्यात ते पक्के बसले आहेत. पावसाची चौकट लाल दिसली की लोक रेड अलर्ट समजणार, तुम्हाला मात्र सांगायचं असतं की स्रोत बंद आहे. शिळेपणासाठी राखाडी वापरा. ‘उशिरा’ असेल तर आकडा तसाच ठेवून खालची वेळ ठळक करा आणि ‘नवा आकडा आलेला नाही’ असं लिहा. ‘वापरू नका’ असेल तर आकडा फिकट राखाडी करून त्यावर आडवी रेघ मारा. आकडा पुसून टाकू नका, शेवटचं काय होतं ते कळलेलं कामाला येतं. आणि आकडा नसेल तिथे चुकूनही शून्य दाखवू नका. ‘० मिमी’ म्हणजे पाऊस नाही, ‘—’ म्हणजे माहिती नाही. बेसमेंटमध्ये गाड्या असलेल्यांसाठी या दोहोंत बराच फरक आहे.

एक दुपार, मिनिटामिनिटाने

जुलैमधली एक दुपार घ्या, आकडे उदाहरणादाखल आहेत. भरती २:५०ला ४.६२ मीटरची. मोठ्या भरतीच्या वेळी समुद्राची पातळी शहरातल्या अनेक पावसाळी नाल्यांच्या तोंडाच्या वर जाते आणि पाणी बाहेर पडत नाही. त्यामुळे अशा वेळचा पाऊसच खरा महत्त्वाचा. पडद्यावर २:००चा पावसाचा आकडा आहे, तो २:१२ला आला. पुढचा मोजला जाणार २:१५ला, सवलत पंधरा मिनिटं, म्हणून `due_by` २:३०. `use_until` २:४५.

२:१२नंतर तिकडचं पेज अडकतं. आपला प्रोग्राम दर पाच मिनिटांनी जाऊन तोच २:००चा आकडा घेऊन येतो. २:२९ला चौकट अजून ‘ताजी’च आहे, आणि असायलाच हवी, कारण २९ मिनिटांचं वय या स्रोतासाठी नेहमीच्या मर्यादेत बसतं. २:३०ला ‘नवा आकडा आलेला नाही’. २:४५ला रेघ. इतर चार चौकटी या काळात जागच्या हललेल्या नाहीत, कारण त्यांचं काही बिघडलेलंच नाही. कोपऱ्यात एकच वेळ दाखवणारा पडदा असता तर भरतीच्या ऐन पाच मिनिटं आधी त्याने ‘अपडेट: २:४५’ असं म्हणत २:००चा पाऊस दाखवला असता.

बिघाड कुठे आहे हे आता `fetched_at` सांगतं. ती वेळ २:४५ आणि `data_time` २:०० असेल तर बिघाड तिकडे आहे, आपल्या हातात काही नाही, थांबा. `fetched_at` सुद्धा २:१२च्या आसपास थबकली असेल तर आपला प्रोग्राम किंवा आपलं नेट बघा. पडद्यावर ही दुसरी वेळ दाखवायची गरज नाही, चौकटीवर बोट ठेवलं की दिसली तरी पुरे.

जोडून काढलेल्या आकड्यांचं काय

कमिटीला शेवटी एकच गोष्ट हवी असते: बेसमेंटचा पंप आधीच चालू करून ठेवायचा का? ही चौकट पाऊस, भरती आणि टाकीची पातळी मिळून बनते. तिची वेळ सगळ्यात ताज्या घटकाची नसते, सगळ्यात आधी मुदत संपणाऱ्या घटकाची असते. एकातरी घटकाची दुसरी मुदत संपली की जोडचौकटीचीही संपली:

```sql
select min(use_until), min(due_by)
from source_status
where source in ('rain', 'tide', 'tank');
```

`min` रिकाम्या किमती सोडून देतो. म्हणून तीनही ओळींत वेळ भरलेली आहे ना, हे आधी तपासा. मुदत संपल्यावर तिथे ‘पंप नको’ असं राहू द्यायचं नाही. ‘पावसाची माहिती नाही, खाली जाऊन बघा’ असं लिहायचं. यंत्राला माहीत नसेल तेव्हा माणसाला जिन्याने खाली पाठवणं हाच योग्य निकाल.

हेच एका स्रोताच्या आतही लागू होतं. तलावांच्या चौकटीत सात तलावांची बेरीज असते: अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. एकूण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, आणि त्यातली जवळपास निम्मी एकट्या भातसाची. तक्ता वाचताना भातसाची ओळ निसटली तर एका रात्रीत अर्धं पाणी गायब झाल्याचं दिसेल, आणि चौकट म्हणेल ‘आज सकाळी ६ची पातळी’, अगदी ताजी. सातही ओळी आल्याशिवाय बेरीज करू नका, `data_time` पुढे सरकवू नका. मग चौकट आपोआप ‘उशिरा’ दाखवेल. दोन पर्जन्यमापक केंद्रं घेत असाल तर दोघांच्या ओळी वेगळ्या ठेवा. ‘सगळ्यात नवी वेळ’ घेतली तर जिवंत केंद्र मेलेल्याला झाकून टाकतं.

आणखी एक प्रकार या पद्धतीच्या हाती लागत नाही: वेळ नवी येते पण आकडा अडकलेला असतो. टाकीतल्या सेन्सरवर पाण्याची वाफ साठली की तो तासन्‌तास एकच पातळी पाठवतो, दर मिनिटाला नव्या वेळेसह. पावसाच्या आकड्यात सलग शून्य येणं नेहमीचं, पण सकाळी ७ ते ९, अख्खी सोसायटी आंघोळ करत असताना, टाकीची पातळी तीळभरही न हलणं शक्य नाही. त्या एका वेळेपुरता वेगळा नियम लावा: अर्धा तास आकडा बदलला नाही तर चौकटीवर ‘सेन्सर तपासा’.

पायरी ६: मुद्दाम बिघडवून बघा

पहिला जोराचा पाऊस यायच्या आत, मे महिन्यात, हे करून घ्या. पाऊस आणणारा प्रोग्राम बंद करा आणि घड्याळ लावून बघा: दोन्ही मुदती आपापल्या वेळेला दिसतात का, आणि बाकीच्या चौकटी शांत राहतात का. मग टीव्हीचं वायफाय काढा, सर्व्हर चालू ठेवा. टाकी आणि पाऊस राखाडी व्हायला हवेत, तलाव नाही. मग प्रोग्रामला कालची जतन केलेली फाइल भरवा आणि `data_time` मागे जात नाही ना ते पाहा. शेवटी टीव्हीची वीज बंद करून पुन्हा लावा.

भरतीच्या चौकटीला मात्र वेगळी सोय लागते, कारण ती वर्षभर कधीच बिघडत नाही आणि मग एका रात्रीत संपते. तिचा `due_by` १५ डिसेंबर ठेवा, म्हणजे नवा तक्ता भरायची आठवण पडद्यावरच येईल आणि हातात पंधरा दिवस असतील. तक्ता भरल्यावर एका दिवसाच्या चारही वेळा, दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, छापील पानाशी ताडून घ्या. जुन्याच वर्षाची फाइल नव्या नावाने चढली तर मुदतींच्या हिशेबाला ते कळत नाही.